मनगटाचा स्प्लिंट: स्कॅन बरोबर असूनही कड का टोचते?

आधीचा स्प्लिंट माझ्याकडे आला तो दोन तुकड्यांत. थेरपिस्ट मॅडमनी तो मुद्दाम जपून ठेवला होता. स्प्लिंट ज्यांचा, त्या बाई चाळिशीच्या, दिवसभर संगणकावर काम करणाऱ्या. उजव्या हाताला कार्पल टनेलचा त्रास, म्हणजे मनगटातल्या अरुंद बोगद्यात नस दाबली जाण्याचा. रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येऊन जाग यायची, म्हणून डॉक्टरांनी झोपताना मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट सांगितला होता. तयार मापातला एक तळहाताला सैल आणि पुढे घट्ट होत होता, म्हणून त्यांनी हात स्कॅन करून थ्रीडी प्रिंटरवर एक छापून घेतला. तो मोडला. पण मोडण्याच्या बऱ्याच आधी त्यांनी तो घालणंच सोडलं होतं.

नवा काढण्याआधी मी मोडका नीट पाहिला, कारण त्यातच बहुतेक उत्तरं होती. पहिली गोष्ट म्हणजे तो हाताच्या आकाराला छान जुळत होता. मनगटाची खोलगट जागा, तळहाताचा उंचवटा, सगळं जिथल्या तिथे होतं. स्कॅनमध्ये काही खोट नव्हती. तुटल्याची जागा मनगटाच्या अगदी घडीवर होती आणि तुटलेला पृष्ठभाग सपाट, चकचकीत होता. कुठे ओढल्याची, पांढरं पडल्याची खूण नाही. प्लास्टिक ताणलं जाऊन फाटतं तेव्हा कडा पांढुरक्या आणि ओबडधोबड होतात. असा काचेसारखा सपाट तुकडा पडतो तेव्हा दोन थर एकमेकांपासून सुटलेले असतात. म्हणजे हा स्प्लिंट उभा ठेवून छापला होता, आणि मनगट वाकवण्याचा सगळा ताण थरांच्या जोडावर आडवा येत होता. त्यात त्याच रेषेवर मोठमोठी भोकं होती.

भोकं म्हणजे हल्ली सगळीकडे दिसणारी ती व्होरोनॉय जाळी. दिसायला देखणी, मधमाशीच्या पोळ्यासारखी, पण वेड्यावाकड्या मापांची. काही भोकं 20 मिलिमीटरच्या आसपास होती आणि मधल्या पट्ट्या जेमतेम 3 मिलिमीटर. बाईंना विचारलं की हातावर खुणा कुठे उमटायच्या. त्यांनी दुसऱ्या हाताच्या बोटाने दाखवलं: हाताच्या आतल्या बाजूला जाळीचा अख्खा नक्षा, करंगळीच्या बाजूच्या मनगटाच्या हाडावर एक लाल टिकली आणि कोपराकडच्या टोकाला एक आडवी रेघ. "दादा, भोकांचं एक वेळ चाललं असतं, पण ती वरची कड लागायची हो. झोपेत हात वळला की खुपायची."

ती कड मी बोटाने चाचपली. कोपऱ्यांना गोलाई दिलेली होती, म्हणजे डिझाइन करणाऱ्याने तेवढं केलं होतं. तरी ती खुपत होती. हे प्रकरण लिहून काढायचं मुख्य कारण हेच. कड गोल करणं आणि कड मऊ करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट सॉफ्टवेअरच्या कुठल्याही एका बटणात नाही.

स्कॅन

स्कॅनबद्दल थोडक्यात सांगतो, कारण हा भाग लोक गरजेपेक्षा जास्त ताणतात. कोपर टेबलावर, हात उभा, बोटं हलकी पसरलेली आणि बोटांची टोकं वर एका आडव्या दांडीला टेकलेली, म्हणजे हात थरथरत नाही. मनगटाचा कोन थेरपिस्टने कोन मोजायच्या गोनिओमीटरने सरळ लावून द्यायचा. मनगट सरळ असताना कार्पल टनेलमधला दाब कमी असतो, पुढे किंवा मागे वाकवलं की वाढतो. या स्प्लिंटचं काम तेवढंच आहे. कोन स्कॅनच्या वेळीच बरोबर हवा. नंतर सॉफ्टवेअरमध्ये मनगट फिरवता येतं खरं, पण त्वचेच्या घड्या आणि स्नायूंचा फुगवटा त्याच्याबरोबर खरोखर बदलत नाहीत. दोन-तीन अंशांची दुरुस्ती खपते, पंधरा अंशांची नाही.

हाताची वळणही तितकीच महत्त्वाची. तळवा खाली केला की पुढच्या हातातली दोन हाडं एकमेकांवरून जातात, मनगटाचा छेद बदलतो आणि करंगळीच्या बाजूचं हाड हाताच्या पाठीकडे जास्त वर येतं. झोपेत हात कसाही असतो, म्हणून मी मधली स्थिती घेतली, म्हणजे अंगठा वर, जशी हस्तांदोलनाला हात पुढे करताना असते.

स्कॅन करण्याआधी मॅडमनी पेनाने हातावर खुणा केल्या: तळहातावरच्या रेषा, मनगटाची घडी आणि ते टोचणारं हाड. अशा वेळी फाइल रंगासकट घ्यावी लागते, म्हणजे `PLY`. `STL` मध्ये रंग येत नाही आणि खुणा हरवतात. `STL` मध्ये एकक नसतं ही दुसरी अडचण, म्हणून मॉडेल उघडल्यावर पहिलं काम मापाची खातरजमा. फितीने मनगटाचा घेर 164 मिलिमीटर होता आणि मॉडेलमधला त्याच जागचा छेद 166. फीत मांसात थोडी रुतते, म्हणून एवढा फरक अपेक्षितच आहे. आकडा हजारपट किंवा 25.4 पट चुकीचा दिसला तर एककाचा घोळ समजावा. पाच-सात मिलिमीटरने मोठा आला तर मात्र हात हलला असण्याची शक्यता असते. तेव्हा पृष्ठभाग जवळून पाहावा. हललेल्या हाताच्या स्कॅनमध्ये बोटांपाशी एकावर एक दोन कातड्या दिसतात. असा स्कॅन गुळगुळीत करून वापरू नये, पुन्हा घ्यावा.

फितीची आणखी दोन मापं घेतली, सकाळचं आणि संध्याकाळचं. बाईंचा घेर सकाळी 164 आणि संध्याकाळी 167 होता. घेर 3 मिलिमीटरने वाढला म्हणजे त्रिज्या साधारण अर्ध्या मिलिमीटरने वाढली (3 ला 2π ने भागायचं). म्हणून स्प्लिंटची आतली बाजू त्वचेपासून सगळीकडे 1 मिलिमीटर दूर ठेवली. जास्त दिली असती तर हात आत सरकला असता, आणि सरकणारा स्प्लिंट घासतो.

कापायची रेषा

आता हाताच्या मॉडेलवर स्प्लिंटची हद्द आखायची. हा स्प्लिंट तळहाताच्या बाजूने बसणारा, पन्हळीसारखा उघडा, हाताच्या घेराचा साधारण अर्धा भाग व्यापणारा. लांबी कोपराच्या घडीपासून मनगटापर्यंतच्या अंतराच्या दोन तृतीयांश. बाईंचं ते अंतर 240 होतं, म्हणजे मनगटाच्या मागे 160 मिलिमीटर. आखूड केला तर तरफेचा हात कमी पडतो आणि तेवढाच जोर लहान जागेवर येऊन मागचं टोक रुततं. मोडक्या स्प्लिंटमध्ये हा भाग 110 मिलिमीटरचाच होता. ती आडवी रेघ उमटण्याचं अर्धं कारण इथेच सापडलं.

तळहातावर दोन रेषा पाळायच्या, आणि त्या सगळ्यांच्या ओळखीच्या आहेत. हृदयरेषेच्या अलीकडे सुमारे 5 मिलिमीटरवर स्प्लिंट संपवायचा, म्हणजे बोटं मुळापासून पूर्ण दुमडतात. ही रेषा तिरकी असते, करंगळीकडे मनगटाच्या जास्त जवळ येते, म्हणून पुढची कडही तिरकीच हवी. सरळ कापली तर करंगळी अडकते. दुसरी आयुष्यरेषा. अंगठ्याचा उंचवटा तिच्या बाहेर पूर्ण मोकळा सोडायचा, म्हणजे अंगठा करंगळीच्या टोकाला लागू शकतो. जुन्या स्प्लिंटने हा उंचवटा अर्धा झाकला होता. झाकल्याने पकड जास्त मिळते असं वाटतं, पण अंगठा हलला की स्नायू फुगतो आणि दर वेळी कडेवर येऊन आदळतो.

रेषा आखून झाल्यावर तेवढा तुकडा हाताच्या मॉडेलपासून वेगळा काढला. या टप्प्यावर तो नुसता पृष्ठभाग असतो, जाडी शून्य. पुढची बरीचशी कामं मी या बिनजाडीच्या पत्र्यावरच करतो. जाडी दिल्यावर आकार बदलायला गेलं की आतली आणि बाहेरची बाजू वेगवेगळी हलते, आणि भिंत कुठे 2 तर कुठे 4 मिलिमीटर होऊन बसते.

करंगळीच्या बाजूच्या हाडापाशी पत्रा बाहेर फुगवला. खुणेच्या मध्यभागी 3 मिलिमीटर, आणि तिथून सुमारे 15 मिलिमीटर अंतरात हळूहळू शून्यावर. इथे भोक पाडून हाड मोकळं सोडावं असं पटकन वाटतं. तसं करू नये. हाड भोकात शिरतं आणि भोकाची कड त्याच्याभोवती कडं करून दाबत राहते. टोचणाऱ्या हाडाला खळगा द्यायचा, खिडकी नाही.

कड

समजा 3 मिलिमीटर जाडीचा पत्रा आहे आणि त्याच्या कडेला दीड मिलिमीटर त्रिज्येची पूर्ण गोलाई दिली आहे. हाताला लावली की गुळगुळीत लागते, बोट कापत नाही. पण पट्टा आवळल्यावर काय होतं ते पाहा. स्प्लिंटखालचं मांस दाबलं जातं, कडेच्या बाहेरचं दाबलं जात नाही. या दोन्हींच्या मधली पायरी नेमकी कडेवर येते आणि दाबही तिथेच एकवटतो. दीड मिलिमीटरची गोलाई त्या पायरीचा कोपरा घासते, पायरी घालवत नाही. बाईंच्या हातावरची रेघ त्या पायरीचीच होती.

उष्णतेने मऊ होणाऱ्या प्लास्टिकच्या पत्र्यापासून हाताने स्प्लिंट घडवणारे थेरपिस्ट हे पूर्वापार जाणतात. ते कड गरम करून अंगठ्याने बाहेर वळवतात. मॉडेलमध्येही तेच करायचं. कडेच्या आतल्या 10 मिलिमीटर पट्ट्यात पत्रा त्वचेपासून हळूहळू दूर न्यायचा, अगदी कडेला 2.5 मिलिमीटरपर्यंत. वळण सुरू होतं तिथे कोन पडता कामा नये, नाहीतर नवी कड तिथेच तयार होते आणि मग खूण कडेच्या 10 मिलिमीटर आत उमटते. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये मी कडेचे बिंदू निवडून `Proportional Editing` चालू ठेवतो, त्याची त्रिज्या 10 मिलिमीटर आणि उतार `Smooth`, आणि बिंदू पृष्ठभागाच्या लंबदिशेत बाहेर सरकवतो.

सगळीकडे सारखी वळण लागत नाही. कोपराकडच्या टोकाला मी 3 मिलिमीटर दिली, कारण तिथे स्नायूचा मऊ भाग आहे आणि कोपर दुमडलं की तो पुढे सरकून येतो. आयुष्यरेषेच्या कडेला उलट 1.5 च दिली. तिथे जास्त वळवली तर तीच कड अंगठ्याच्या वाटेत येते. दोन्ही बाजूंच्या उभ्या भिंतींच्या कडा 2 मिलिमीटर. पट्टा या कडेवरून जाताना थोडा लांबून फिरतो आणि त्वचेला चिमटा घेत नाही.

वळण झाल्यावर बाहेरची कड स्वतंत्र उचलली, `Convert` मधून तिची वक्ररेषा केली आणि वक्ररेषेला गोल छेद दिला, `Bevel Depth` 2 मिलिमीटर. म्हणजे कडेवरून फिरणारी 4 मिलिमीटर व्यासाची दोरी तयार झाली. पत्र्याला `Solidify` ने 3.2 मिलिमीटर जाडी दिली; `Offset` 1 ठेवला म्हणजे आतली बाजू जागची हलत नाही आणि सगळी जाडी बाहेर वाढते. ती बाहेर वाढते की हाताच्या दिशेने, हे लंबदिशांवर अवलंबून असतं. `Face Orientation` लावून बाहेरची बाजू निळी असल्याची खात्री करावी, कारण उलट झालं तर 3.2 मिलिमीटर प्लास्टिक थेट हातात शिरतं आणि पडद्यावर ते कळतही नाही.

दोरी जाडीच्या मधोमध आणून स्प्लिंटला जोडली. ती भिंतीपेक्षा किंचित जाड आहे, म्हणून आतल्या बाजूला जवळपास अर्धा मिलिमीटर डोकावते. कड आधी बाहेर वळवलेली नसती तर हाच अर्धा मिलिमीटर हातावर वळ उठवून गेला असता. वळवल्यामुळे ती त्वचेपासून दूर आहे, आणि वर उघड्या पन्हळीच्या भिंतींना ताठपणा देते. पट्टे आवळल्यावर भिंती आत झुकत नाहीत, हा तिचा खरा फायदा. गोलाईसाठी थेट कडेवर `Bevel` लावून पाहण्याचा मोह होतो, पण स्कॅनमधून आलेल्या वेड्यावाकड्या त्रिकोणांवर तो धड चालत नाही. पृष्ठभाग स्वतःतूनच आरपार जातो आणि स्लायसर, म्हणजे छपाईसाठी मॉडेलचे थर पाडणारं सॉफ्टवेअर, नंतर तिथे काहीतरी भलतंच भरून ठेवतो.

भोकं

भोकं घाम वाळण्यासाठी असतात, प्लास्टिक वाचवण्यासाठी नाही. हे लक्षात ठेवलं की माप आपोआप ठरतं. मोठ्या भोकातून हवा जास्त खेळते हे खरं, पण पट्टा आवळला की मऊ मांस भोकात फुगून येतं आणि रात्रभरात त्याचा नक्षा उमटतो. सूज असलेल्या हाताला तर ही खिडकी फार वाईट, कारण सूज दाब नसलेल्या जागी गोळा होते. मी 6 मिलिमीटर व्यास घेतला आणि दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर 12 ठेवलं. म्हणजे मधे 6 मिलिमीटरची पट्टी राहते, भिंतीच्या जाडीच्या जवळपास दुप्पट. षटकोनी मांडणीत यातून सुमारे 23 टक्के जागा उघडी होते. बाईंना ऐकून हे कमी वाटलं, आधीच्या जाळीत निम्म्याहून जास्त जागा उघडी होती. पण घाम पहिल्यापासून तळहातावर आणि मनगटाच्या आतल्या बाजूला येत होता, आणि जुन्या जाळीतली सगळ्यात मोठी भोकं बाजूच्या भिंतींवर होती, जिथे ती शोभेलाच होती.

भोकं कुठे पाडायची नाहीत ते आधी ठरवलं. कडेपासून 10 मिलिमीटरच्या आत नाही, म्हणजे वळवलेला पट्टा अखंड राहतो. हाडाच्या खळग्यात नाही. पट्ट्यांच्या खाचांजवळ नाही. आणि मनगटाच्या घडीच्या दोन्ही बाजूंना मिळून 30 मिलिमीटरच्या पट्ट्यात फक्त मधली एक ओळ, लांबीच्या दिशेने. वाकवण्याचा सगळ्यात जास्त ताण इथे येतो. आडव्या ओळीत भोकं आली की तिकिटाला टोचे पाडल्यासारखी तुटायची वाट आपणच आखून देतो. मोडक्या स्प्लिंटमध्ये नेमकं तेच झालं होतं.

भोकांची दिशाही बघावी लागते. सोपी पद्धत म्हणजे सपाट जाळी घ्यायची आणि वरून खाली आरपार पाडायची. पन्हळीच्या तळाला ती ठीक पडतात. भिंतींवर मात्र तिरकी घुसतात: भोक लांबट होतं, आणि त्याची एक कड छिन्नीसारखी पातळ आणि धारदार, तीही त्वचेच्या बाजूला. म्हणून प्रत्येक भोक त्या जागच्या पृष्ठभागाला काटकोनात हवं. ब्लेंडरच्या जॉमेट्री नोड्समध्ये `Distribute Points on Faces` ला `Poisson Disk` निवडून `Distance Min` 12 मिलिमीटर दिलं की बिंदू एकमेकांपासून किमान तेवढे दूर राहतात. वर्ज्य जागा वजन देऊन वगळायच्या आणि प्रत्येक बिंदूवर लंबदिशेत एक दंडगोल उभा करायचा. मांडणी काटेकोर षटकोनी येत नाही, थोडी विखुरलेली येते, आणि उघडी जागाही थोडी कमी पडते. मला ते चालतं, कारण वाकड्या पृष्ठभागावर काटेकोर ओळी ताणल्या जाऊन तशाही बिघडतात.

दंडगोल वजा केल्यावर भोकांच्या कडा काटकोनी राहतात. त्या बोथट करण्यासाठी सगळा स्प्लिंट एकदा `Voxel` पद्धतीने `Remesh` केला, `Voxel Size` अर्धा मिलिमीटर, आणि त्यावर थोडासा `Smooth` फिरवला. यात सगळीकडचं थोडं प्लास्टिक झिजतं: भोक किंचित मोठं होतं, भिंत किंचित पातळ. जाडी 3 ऐवजी 3.2 दिली ती यासाठीच. नंतर छेद घेऊन तळ, भिंत आणि मनगट अशा तीन जागी जाडी मोजली आणि सगळीकडे 3 च्या आसपास आली. `Smooth` चे फेरे जास्त झाले की हाडाचा खळगाही भरून येतो, म्हणून ते अंतर मूळ हाताच्या मॉडेलवर ठेवून पुन्हा तपासलं.

पट्ट्यांसाठी सहा खाचा, 25 मिलिमीटरच्या वेल्क्रोसाठी 27 × 4 मापाच्या. मागच्या टोकाजवळ एक पट्टा, मनगटावर एक, हाताच्या पाठीवर एक. चिकटवायचे वेल्क्रोचे तुकडे घामाने सुटतात, त्यापेक्षा खाच बरी.

छपाई

स्प्लिंट उभा छापला की आधार कमी लागतो आणि पृष्ठभाग सुरेख येतो. म्हणूनच बहुतेक जण उभा छापतात. पण तेव्हा थर हाताच्या लांबीला आडवे बसतात. हात मनगटातून वाकू पाहतो तेव्हा ताण लांबीच्या दिशेने येतो, म्हणजे थर सोडवायच्या दिशेनेच. पालथा, कमानीसारखा छापला तर आधार आतल्या बाजूला, त्वचेच्या जागी येतात आणि त्यांच्या खुणा घासत बसावं लागतं. मी तो उताणा ठेवला, पन्हळ वर उघडी. थर लांबीच्या दिशेने गेले आणि आधार सगळे बाहेरच्या बाजूला. किंमत एकच: आत तळाशी, जिथे उतार कमी आहे, तिथे थरांच्या पायऱ्या नकाशावरच्या समोच्च रेषांसारख्या दिसतात. त्या पाणी लावून वापरायच्या पॉलिश पेपरने घासून काढल्या.

स्प्लिंटची लांबी 230 मिलिमीटरच्या वर गेली, म्हणून 220 मिलिमीटरच्या पाटावर तो तिरका, कर्णावर मांडला. साहित्य पीईटीजी प्लास्टिक. पीएलए छापायला सोपं, पण 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं. उन्हात उभ्या गाडीत विसरलेला स्प्लिंट आकार सोडतो. शिवाय पीईटीजी थोडं लवतं, पीएलए एकदम तडकतं. 0.4 चा नोझल, 0.2 चा थर आणि बाहेरच्या फेऱ्या इतक्या की 3 मिलिमीटरच्या भिंतीत आत भराव राहतच नाही. वजन 70 ग्रॅमच्या आसपास.

अख्खा छापायला घेण्याआधी मनगटापासचा 25 मिलिमीटरचा काप वेगळा छापला, हाडाच्या खळग्यासकट. तेवढा हातावर ठेवून पाहायला पाच मिनिटं लागतात. मॅडमनी तो दाबून, हात तळवा वर आणि खाली असा फिरवून पाहिला. हाड खळग्यात राहत होतं, पण तळवा खाली केल्यावर त्याच्या वरच्या काठाकडे सरकत होतं. म्हणून खळगा हाताच्या पाठीकडे 4 मिलिमीटर लांबवला. स्थिर स्कॅनमध्ये ही हालचाल दिसणं शक्यच नव्हतं.

हातावर

पूर्ण स्प्लिंट अर्धा तास घालून काढला आणि हात पाहिला. लाली कुठे आहे यापेक्षा ती किती वेळ टिकते हे महत्त्वाचं. पंधरा-वीस मिनिटांत गेली तर चालते, त्यापुढे टिकली तर तिथला दाब जास्त आहे. मागच्या टोकाला काहीच नव्हतं. भोकांचा फिकट ठिपक्यांचा नक्षा होता, तो थोड्याच वेळात गेला. आयुष्यरेषेच्या खालच्या टोकाला, अंगठ्याच्या मुळाशी मात्र एक लहान खूण राहिली. बाईंनी अंगठा करंगळीला लावून दाखवला तेव्हा कारण दिसलं: उंचवटा फुगून कडेवर चढत होता. तिथे वळण वाढवून उपयोग नव्हता, जागाच सोडायला हवी होती. मॉडेलमध्ये ती कड 4 मिलिमीटर मागे घेतली आणि पुन्हा छापला. कापायची रेषा चुकलेली असेल तर तिथे कितीही मऊ कड लावली तरी ती लागतेच.

"रात्रभर घालायचा, पण झोपताना पट्टा कचकचून ओढायचा नाही," मॅडमनी त्यांना बजावलं. "बोट सहज आत सरकलं पाहिजे." धुवायला कोमट पाणी आणि साबण, उकळतं पाणी नाही. भोकांच्या कडांना आणि थरांच्या खाचांत मळ धरतो, तिथे मऊ ब्रश फिरवायचा.

पुढच्या तपासणीला स्प्लिंट शाबूत होता आणि त्या तो रोज घालत होत्या. मुंग्यांचं काय झालं हे डॉक्टर पाहतील. त्यातलं श्रेय किंवा दोष कडेला आणि भोकांना देणं बरोबर नाही.

हीच फाइल दुसऱ्या कुणाच्या हाताला मापात ओढून चालत नाही, कारण खळगा, वळण आणि वर्ज्य जागा सगळ्या या हाताच्या आहेत. ही रीत सगळ्यांना लागूही पडत नाही. ताज्या मोडलेल्या हाडाला, रोज बदलणाऱ्या सुजेला असा ताठ छापील स्प्लिंट मी करत नाही. आज जुळलेला आकार परवा जुळत नाही. मधुमेहामुळे किंवा नसेच्या इजेमुळे ज्यांच्या हाताची संवेदना कमी आहे त्यांना "लागतंय का?" विचारून काही कळत नाही. तिथे अर्ध्या तासाची तपासणी थेरपिस्टसमोरच, पुन्हा पुन्हा करावी लागते, आणि कड किती वळवायची हे रुग्णाच्या बोलण्यावर नाही, त्वचेच्या रंगावर ठरवावं लागतं.